महिनाभर घालूनही प्रोग्रेसिव्ह चष्मा जमत नाही: काचा बदलून मागण्याचं पत्र

प्रश्न: वय 53. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात हिशेब बघतो. दिवसभर कॉम्प्युटर आणि खतावणी. पहिल्यांदाच प्रोग्रेसिव्ह काचा घेतल्या. बिल 1 जूनचं, चष्मा 7 जूनला मिळाला, आज 8 जुलै. लांबचं छान दिसतं, पण स्क्रीनसाठी हनुवटी वर करावी लागते, खतावणी वाचताना चष्मा बोटांनी वर उचलून धरावा लागतो, संध्याकाळी मान दुखते. दुकानात दोनदा सांगितलं, "सवय होईल" म्हणतात. काचा बदलून मागायच्या आहेत. पत्रात काय लिहू?

उत्तर:

नुसतं "जमत नाही, बदलून द्या" असं पत्र लिहिलंत तर दुकानदाराला त्याचा काही उपयोग होत नाही. तुमच्या काचा तुमच्या नंबरच्या आणि तुमच्या फ्रेमच्या आकारात कापलेल्या आहेत, त्या दुसऱ्या कोणाला विकता येत नाहीत. त्याने बदलून दिल्या तर एक तर खर्च त्याच्या अंगावर पडतो, नाही तर काच बनवणाऱ्या कंपनीकडून त्याला त्या बदलून मागाव्या लागतात. बऱ्याच कंपन्या ठराविक मुदतीत, साधारणपणे एकदाच, न जमलेल्या प्रोग्रेसिव्ह काचा बदलून देतात. पण त्यासाठी दुकानदाराला ऑर्डर नंबर, तारखा, जुन्या काचा आणि न जमण्याचं नेमकं कारण कळवावं लागतं. ही माहिती त्याच्या हातात आयती पडेल असं पत्र लिहा. मग नाही म्हणणं त्याला अवघड जातं आणि हो म्हणणं सोपं.

तारखेपासून सुरुवात करू, कारण ते आजच उरकायचं काम आहे. मुदत किती हे कंपनी आणि काचेच्या प्रकारावर ठरतं. काही ठिकाणी ती बिलाच्या किंवा ऑर्डरच्या तारखेपासून मोजतात, चष्मा हातात आल्यापासून नाही. बिलाच्या मागची बारीक अक्षरं आणि काचेसोबत मिळालेलं वॉरंटी कार्ड वाचा. कार्ड मिळालं नसेल तर मागून घ्या, त्यावर बहुधा काचेचं नाव आणि ऑर्डर नंबर असतो. तुम्ही पहिल्यांदा तोंडी तक्रार केलीत ती तारीख पत्रात आलीच पाहिजे. मुदत उलटली असली तरी तक्रार मुदतीत केली होती, हे त्यावरूनच दिसतं.

आता मूळ मुद्दा. प्रोग्रेसिव्ह न जमण्याची कारणं ढोबळमानाने तीन: नंबर चुकलेला असतो, काच डोळ्यासमोर चुकीच्या जागी बसलेली असते, किंवा काच बरोबर असूनही तिचं डिझाइन तुमच्या कामाचं नसतं. तिन्हींवरचा उपाय वेगळा, म्हणून पत्रात मागायची गोष्टही वेगळी. तुमच्या वर्णनावरून मला दुसऱ्या कारणाचा दाट संशय येतो. का ते सांगतो.

प्रोग्रेसिव्ह काचेत वरच्या भागात लांबचा नंबर असतो. बाहुलीच्या समोर जी जागा यायला हवी तिथे कारखान्यातून आलेल्या काचेवर पुसता येणारी, बेरजेच्या चिन्हासारखी खूण असते, तिला फिटिंग क्रॉस म्हणतात. तिथून खाली नंबर हळूहळू वाढत जातो आणि डिझाइनप्रमाणे साधारण 14 ते 18 मिलीमीटर खाली वाचनाचा पूर्ण नंबर मिळतो. मधल्या अरुंद पट्ट्याला कॉरिडॉर म्हणतात, कॉम्प्युटरचं अंतर त्याच्या साधारण मध्यावर सापडतं. समजा तुमच्या काचेत हे अंतर 14 मिलीमीटर आहे आणि क्रॉस बाहुलीच्या 3 मिलीमीटर खाली बसला आहे. मग वाचण्यासाठी नजर 14 ऐवजी 17 मिलीमीटर खाली न्यावी लागणार, स्क्रीनसाठी 7 ऐवजी 10. काचेवरचा एक मिलीमीटर म्हणजे डोळ्याची सुमारे दोन अंशांची हालचाल. ते सहा अंश डोळ्याला जमले नाहीत की हनुवटी वर जाते. आठ तास हनुवटी वर ठेवून बसलं की मान दुखणारच. लांबचं मात्र छान दिसतं, कारण बाहुलीसमोर लांबच्या नंबरचा भाग गरजेपेक्षा जास्तच आलेला असतो. उलट क्रॉस वर बसला असता तर तक्रारही उलट आली असती: लांबचं धूसर, आणि हनुवटी खाली घालून काचेच्या वरच्या कडेतून बघितल्यावर स्वच्छ.

खात्री करायची साधी चाचणी अशी. खतावणी नेहमीच्या जागी ठेवा, मान सरळ ठेवा, चष्मा दोन्ही बाजूंनी धरून दोन-तीन मिलीमीटरच वर उचला. अक्षर लगेच स्वच्छ झालं आणि मान वर करायची गरज उरली नाही, तर काच खाली बसली आहे. उचलूनही फरक पडला नाही आणि वही 25-30 सेंटीमीटरवर आणली तरच दिसलं, तर जवळचा वाढीव नंबर, म्हणजे ॲडिशन, जास्त पडलेलं असू शकतं. वही हातभर लांब न्यावी लागत असेल तर ते कमी पडलं आहे. मग एकेक डोळा झाकून वाचा. प्रत्येक डोळ्याला स्वच्छ दिसण्यासाठी मान वेगळ्या बाजूला वळवावी लागत असेल तर डाव्या-उजव्या बाहुलीचं नाकापासूनचं अंतर चुकलं आहे. हे अंतर दोन्ही डोळ्यांचं वेगवेगळं मोजायचं असतं. एकच आकडा घेऊन निम्मा-निम्मा केला की हा घोळ होतो.

याचा पुरावा घरच्या घरी काढता येतो. पुसता येणाऱ्या खुणा गेल्या तरी प्रत्येक प्रोग्रेसिव्ह काचेवर दोन बारीक कोरीव खुणा कायमच्या असतात, बरोबर 34 मिलीमीटर अंतरावर. काच ट्यूबलाइटसमोर तिरकी धरा आणि हलकी वाफ सोडा, म्हणजे त्या दिसतात. कानाकडच्या खुणेखाली बहुतेक वेळा ॲडिशन कोरलेलं असतं, "20" म्हणजे 2.00. डॉक्टरांच्या चिठ्ठीशी ते जुळतं का, हे इथेच कळतं. दोन्ही काचांवर या खुणांच्या जागी स्केच पेनने ठिपके द्या. चष्मा नेहमी बसतो तसा घाला, मुद्दाम वर सरकवू नका. घरातल्या कोणाला तरी हातभर अंतरावर, डोळ्याला डोळा येईल अशा उंचीवर बसवा, त्यांच्या डोळ्यांकडे सरळ बघा आणि मोबाइल त्याच उंचीवर धरून फोटो काढायला सांगा.

फोटोत एका काचेवरचे दोन ठिपके रेघेने जोडा. या रेघेच्या वर, बहुतेक डिझाइनमध्ये 2 ते 4 मिलीमीटरवर, फिटिंग क्रॉस असतो आणि तो बाहुलीच्या मध्यावर यायला हवा. मोजपट्टी फोटोतच आहे, कारण ठिपक्यांमधलं अंतर 34 मिलीमीटर हे माहीतच आहे. स्क्रीनवर ठिपक्यांमध्ये 68 मिलीमीटर भरले तर फोटो दुप्पट आहे, बाकीची मापं निम्मी धरायची. आता रेघ बाहुलीच्या मध्यापासून खाली 7 मिलीमीटर निघाली, तर 4 मिलीमीटरवाल्या डिझाइनमध्येसुद्धा काच 3 मिलीमीटर खाली बसली आहे. हा फोटो पत्राला जोडा. "सवय होईल" याला एवढं नेमकं उत्तर दुसरं नाही. अर्थात मोबाइलचं माप म्हणजे अंदाज. दुकानदाराकडे त्या काचेचा छापील तक्ता असतो, त्यावर काच ठेवून मूळ खुणा पुन्हा काढता येतात. पत्रात तीच विनंती करायची.

एक शक्यता राहते. माप बरोबर घेतलं होतं, पण चष्मा नंतर नाकावरून घसरला. घामाच्या दिवसांत, जड फ्रेम असली की हे नेहमीच होतं. धातूच्या फ्रेमला नाकावरचे पॅड असतील तर ते थोडे जवळ आणून आणि दांड्या कानामागे नीट वळवून फ्रेम एक-दोन मिलीमीटर वर येते. कधी कधी एवढ्यावरच काम भागतं आणि काचा बदलाव्याच लागत नाहीत. जाड प्लॅस्टिकच्या फ्रेमला सुटे पॅड नसतात, तिथे ही सोय नाही. म्हणून पत्रात आधी तपासणी मागा, मग बदल. थेट बदलाचा हट्ट धरलात आणि पॅड दाबल्यावर चष्मा जमला, तर पुढे खरी अडचण आली तेव्हा तुमच्या शब्दाला वजन राहत नाही.

काही गोष्टी पत्रात लिहू नका. जिना उतरताना पायरी धूसर दिसते, बाजूला बघताना कडेला सरळ रेघ वाकते, हे प्रोग्रेसिव्हमध्ये असतंच. खालच्या भागात वाचनाचा नंबर आहे, त्यातून पाच फुटांवरची पायरी धूसरच दिसणार, आणि कडेची विकृती कितीही महाग काच घेतली तरी कमी होते, जात नाही. अशी दोन वाक्यं पत्रात आली की दुकानदार तेवढीच धरून बसतो आणि तुमची खरी तक्रार मागे पडते. तसंच काचेच्या पाकिटावरचा नंबर चिठ्ठीपेक्षा किंचित वेगळा दिसला तर लगेच चुकीचा ठरवू नका. नव्या पद्धतीच्या काही काचांत फ्रेमचा कल धरून नंबर थोडा जुळवून घेतात आणि पाकिटावर दोन्ही आकडे असतात.

तुमच्या माहितीवरून पत्र साधारण असं होईल. मोकळ्या जागा भरा, आणि फोटोत जे माप येईल तेच लिहा.

---

दिनांक: 8 जुलै

प्रति,
व्यवस्थापक,
............ ऑप्टिशियन्स, सांगली

विषय: प्रोग्रेसिव्ह काचांची फेरतपासणी करून त्या बदलून मिळण्याबाबत
संदर्भ: बिल क्र. ......, दि. 1 जून, काचेचे नाव......; ऑर्डर क्र. ......

महोदय,

वरील बिलाप्रमाणे मी आपल्याकडून प्रोग्रेसिव्ह काचा घेतल्या. चष्मा मला 7 जून रोजी मिळाला. तेव्हापासून मी तो रोज, कामाच्या पूर्ण वेळेत वापरत आहे. माझा हा पहिलाच प्रोग्रेसिव्ह चष्मा आहे. अडचणीबाबत मी दि. ...... आणि दि. ...... रोजी आपल्याला प्रत्यक्ष भेटून सांगितले होते.

अडचण पुढीलप्रमाणे आहे. लांबचे स्पष्ट दिसते. सुमारे 65 सेंटीमीटरवरील कॉम्प्युटर बघताना हनुवटी वर करावी लागते. सुमारे 40 सेंटीमीटरवरील वही वाचताना चष्मा हाताने दोन-तीन मिलीमीटर वर उचलला, तरच अक्षर स्पष्ट होते. महिन्याभरात यात फरक पडलेला नाही. काचेवरील कायम खुणांवरून काढलेला फोटो सोबत जोडला आहे. त्यानुसार काच बाहुलीच्या तुलनेत अंदाजे ...... मिलीमीटर खाली बसल्याचे दिसते.

तरी आपणांस विनंती की,
1. कंपनीच्या तक्त्यावरून काचांवर मूळ खुणा पुन्हा काढून, चष्मा माझ्या चेहऱ्यावर असताना फिटिंगची उंची आणि दोन्ही बाहुल्यांची अंतरे तपासावीत, आणि लेन्सोमीटरवर नंबर तपासून डॉक्टरांच्या चिठ्ठीशी ताडावा.
2. फ्रेम जुळवून अडचण दूर होत असल्यास ती जुळवून द्यावी.
3. फिटिंग किंवा नंबर चुकल्याचे आढळल्यास योग्य मापाच्या काचा विनामूल्य बदलून द्याव्यात.
4. सर्व बरोबर असूनही त्रास होत असल्यास, कंपनीच्या न जमलेल्या काचा बदलून देण्याच्या योजनेखाली दुसऱ्या डिझाइनच्या काचा मिळवून द्याव्यात आणि किमतीतील फरक लेखी कळवावा.

तपासणीसाठी मी कोणत्याही दिवशी सायंकाळी सहानंतर येऊ शकेन. काचांवर ओरखडे नाहीत. कृपया सात दिवसांत कळवावे.

आपला,
............
सोबत: बिल, डॉक्टरांची चिठ्ठी व वॉरंटी कार्डाच्या प्रती, फोटो

---

पत्राच्या दोन प्रती न्या. एक द्या, दुसरीवर दुकानाचा शिक्का, सही आणि तारीख घ्या. पोच द्यायला कां-कूं केली तर तेच पत्र बिलावरच्या व्हॉट्सॲप नंबरवर किंवा ईमेलवर पाठवा आणि टपालाने स्पीड पोस्टही करा. काचा बदलायला दिल्यात तर त्यांचीही पावती हवी, कारण कंपनीला जुन्या काचा परत लागतात आणि मधले काही दिवस तुमच्या हातात काहीच नसतं. जुना चष्मा तोवर जपून ठेवा. काचांवर ओरखडे पडले तर बदल नाकारायला निमित्त मिळतं, तेव्हा शर्टाच्या टोकाने पुसणं बंद करा.

पत्रातली चौथी मागणी नीट विचार करून वापरा. फिटिंग आणि नंबर दोन्ही बरोबर निघाले, तर प्रश्न डिझाइनचा आहे. सर्वसाधारण प्रोग्रेसिव्हमध्ये लांबचा भाग मोठा आणि कॉम्प्युटरचा पट्टा अरुंद असतो. तुमचं काम बरोबर उलटं आहे: आठ तास स्क्रीन आणि वही, लांबचं बघणं फक्त येता-जाता गाडीवर. अशा वेळी त्याहून महाग प्रोग्रेसिव्ह घेण्यापेक्षा टेबलाच्या कामासाठी बनवलेली ऑफिस लेन्स माझ्या मते बरी. तिच्यात मधलं आणि जवळचं अंतर रुंद मिळतं. मात्र ती घालून दुचाकी चालवायची नाही, त्यासाठी लांबच्या नंबरचा वेगळा चष्मा लागतो. तुमचा लांबचा नंबर किरकोळ असेल तर हा दुसरा चष्मा फार खर्चाचा होत नाही. बायफोकल हा स्वस्त पर्याय आहे, पण त्यात कॉम्प्युटरचं अंतर कुठेच नसतं, त्यामुळे मानेचा त्रास तसाच राहील. स्वस्त काचा घेतल्या तर किमतीतला फरक परत मिळेलच असं नाही, अनेक योजनांत तो देत नाहीत. विचारायला मात्र हरकत नाही.

नंबर चुकल्याचं निघालं तर तो कोणी काढला हे बघावं लागतं. दुकानातच काढला असेल तर जबाबदारी सरळ त्यांची. मिरजेच्या किंवा सांगलीच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीप्रमाणे काच बरोबर बनवली असेल तर दुकानदाराची चूक नाही. तेव्हा आधी डॉक्टरांकडे जाऊन नंबर पुन्हा तपासून घ्या आणि बदलाची विनंती नव्या चिठ्ठीसह करा.

कायद्याची भाषा पहिल्या पत्रात नको. ती आली की दुकानदार मालकाला, मालक वकिलाला विचारत बसतो, आणि खुणा तपासायचं दहा मिनिटांचं काम महिनाभर लांबतं. तरी माहिती असू द्या. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 प्रमाणे सदोष माल बिलात लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर 30 दिवसांत, परत घ्यायला व पैसे द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. इथे "सदोष" हा शब्द महत्त्वाचा. नुसतं जमलं नाही म्हणून काच सदोष ठरत नाही. चुकीच्या उंचीवर बसवली असेल तर तुमची बाजू भक्कम होते, म्हणून तो फोटो आणि तपासणी. सात दिवसांत उत्तर आलं नाही तर दुसरं पत्र थोडं कडक लिहा आणि 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. त्याच्या पुढे सांगलीचा जिल्हा ग्राहक आयोग आहे, तिथे तक्रारीला साधारण दोन वर्षांची मुदत असते. चष्म्याच्या बाबतीत एवढ्या लांब जायची वेळ क्वचितच येते.

बदल मान्य झाला की नवीन मापं कशी घेतली जातात तिकडे लक्ष द्या. आधी फ्रेम चेहऱ्यावर घट्ट नीट बसवून घ्यायची, मग माप. उलट क्रमाने केलं की तीच चूक पुन्हा होते. मोजणारा तुमच्या समोर, तुमच्याच उंचीला बसलेला हवा. तो उभा राहून वरून बघत असेल तर आकडा चुकतो. दोन्ही डोळ्यांची उंची आणि नाकापासूनची अंतरं वेगवेगळी लिहून घ्यायला सांगा, आणि तो कागद मोबाइलवर टिपून ठेवा. फ्रेमची खोली निवडलेल्या डिझाइनला पुरते का, तेही विचारा. 18 मिलीमीटर लागणाऱ्या डिझाइनला बाहुलीपासून खालच्या कडेपर्यंत 15 मिलीमीटरच मिळत असतील, तर वाचनाचा भाग कापण्यातच निघून जातो, मग आखूड कॉरिडॉरचं डिझाइन किंवा दुसरी फ्रेम घ्यावी लागते, आणि फ्रेमचा खर्च तुमचा. नव्या काचा आल्यावर त्यांच्यावरच्या पिवळ्या-पांढऱ्या खुणा लगेच पुसू देऊ नका. चष्मा घालून समोर सरळ बघा, क्रॉस दोन्ही बाहुल्यांवर येतो की नाही हे दुकानदाराला तुमच्यासमोर बघायला सांगा, एक फोटो काढा, आणि मगच खुणा पुसायला द्या.